वळण संपल्यावर होरायझन नाक वर का दाखवतो?

मधुरा_कराड

नमस्कार मंडळी. मी कराडची. सध्या दुसऱ्या राज्यात विमान चालवायला शिकते आहे आणि आठ दिवस घरी आले आहे. एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढला.

परवाच्या सॉर्टीत हुड लावलेलं होतं, म्हणजे बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त पॅनल. वेग ९० नॉट. इन्स्ट्रक्टर म्हणाले, उंची न सोडता डावीकडे १८० अंश वळ, स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला ३ अंशांनी. वळण्याचा वेग दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरचं छोटं विमान खुणेवर धरलं, उंची चिकटून होती, मिनिटभराने पंख सरळ केले. तेवढ्यात पाहिलं तर होरायझन, म्हणजे क्षितिजाच्या तुलनेत नाक आणि पंख कसे आहेत ते दाखवणारा जायरो, नाक दोन-तीन अंश वर दाखवत होता. मी हळूच नाक खाली दाबून रेघेवर आणलं. रेघ छान जुळली आणि अल्टिमीटरचा काटा मात्र उलटा फिरायला लागला. मला कळेपर्यंत दीडशे फूट गेले होते. सर एवढंच म्हणाले, "ते प्रिसेशन आहे, अल्टिमीटर बघायचा." थोड्या वेळाने होरायझन आपोआप जागेवर आला.

आता माझा प्रश्न असा आहे. जायरो अवकाशात आपली दिशा सोडत नाही असं शिकवतात. मग तो हलला कसा? आणि हलला तर परत जागेवर कोणी आणला? रूममेट म्हणते बेअरिंग गेलं आहे. आणि शेजारचा टर्न कोऑर्डिनेटर पण जायरोवरच चालतो ना, मग तो असं कधीच का करत नाही?

---

प्रसाद_विश्रामबाग

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, विमानातला नाही, पण हे सोपं आहे. जायरोने दिशा सोडलेलीच नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि जायरो मात्र ताऱ्यांच्या हिशेबाने स्थिर राहतो. त्यामुळे आपल्याला तो सरकल्यासारखा दिसतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. इन्स्ट्रुमेंट चांगलं आहे, बेअरिंगचा काही संबंध नाही.

---

अपशिंगेकर

मधुरा, प्रसादराव, राम राम. वायुसेनेत इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून २२ वर्षं काढली, नंतर काही वर्षं खाजगी वर्कशॉपमध्ये हेच जायरो उघडून बसवले. आता साताऱ्यात घरी असतो. हा विषय जिवाभावाचा आहे म्हणून सावकाश लिहितो.

प्रसादरावांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे, पण या प्रश्नाला ती लागू पडत नाही. हिशेब करून बघा. होरायझनच्या जायरोचा आस उभा असतो. आपण साधारण १७ अंश अक्षांशावर. उभ्या आसाच्या जायरोला पृथ्वी तासाला १५ गुणिले कोसाइन १७, म्हणजे १४ अंशांच्या आसपास कलवते. मिनिटाला पाव अंशसुद्धा नाही. मधुराने वळायला एकच मिनिट घेतलं आणि चूक अडीच अंशांची आली. म्हणजे कारण दुसरं आहे, आणि ते पृथ्वीपेक्षा दहा पट जोरात काम करतंय.

पृथ्वीचा परिणाम बघायचा असेल तर डीजी बघा, दिशा दाखवणारा. त्याचा आस आडवा असतो, तिथे साइन लागतो. सांगली-कराडकडे तासाला साडेचार अंशांच्या आतबाहेर. म्हणून डीजी दर पंधरा मिनिटांनी कंपासला जुळवून घ्यायचा. होरायझनला कोणी असं जुळवत बसतं का? नाही, कारण त्याच्या आत जुळवणारा एक कारागीर बसवलेला आहे. तुझा प्रश्न त्या कारागिराचाच आहे, पोरी.

आधी दोन गोष्टी सांग. चूक सरळ होईपर्यंत किती वेळ लागला? आणि पूर्ण ३६० अंशांचं वळण घेतलंस तेव्हा शेवटी किती चूक होती?

---

मधुरा_कराड

काका, घड्याळ लावलं नव्हतं, पण मिनिटाच्या आतच सरळ झाला. ३६० चं वळण त्याच दिवशी केलं होतं. तेव्हा काहीच चूक जाणवली नाही. मला वाटलं त्या वेळी मी जास्त नीट उडवलं.

---

अपशिंगेकर

नाही, तू दोन्ही वेळा नीटच उडवलंस. या दोन उत्तरांवरून तुझा होरायझन ठणठणीत आहे असं मी निम्मं तरी आताच सांगतो. आता कारण.

'प्रिसेशन' हा शब्द शाळेत रोगासारखा शिकवतात. ती चूक आहे. फिरत्या चाकाला तुम्ही एका बाजूने दाब दिला की ते त्या बाजूला न जाता पाव फेरी पुढे, म्हणजे ९० अंशांनी हटून कलतं. एवढंच प्रिसेशन. तो चाकाचा स्वभाव आहे, आणि होरायझन सरळ ठेवण्यासाठी हाच स्वभाव वापरलेला आहे.

माझ्याकडे एक बाद झालेला व्हॅक्यूमचा होरायझन आहे, तो आत्ता टेबलावर उघडून ठेवलाय. मधोमध पितळी रोटर, कडेला खाचा कोरलेल्या. पंप हवा ओढतो, ती फिल्टरमधून येते आणि या खाचांवर आपटते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या हळू गरगरतात, हा मात्र मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्या घेतो. रोटरला फिरवून झालेली हवा घराच्या तळाशी असलेल्या चार भोकांतून बाहेर पडते, चार दिशांना चार. प्रत्येक भोकावर एक बारीक पट्टी लोंबते, नुसती टांगलेली, गुरुत्वाकर्षणाने खाली ओढलेली. जायरो सरळ उभा असेल तर चारही पट्ट्या आपापलं भोक निम्मं झाकतात. चारी बाजूंनी सारखी हवा, कुणाचा कुणावर जोर नाही.

आता समजा जायरो जरा कलला. पट्ट्या लोंबत्याच राहतात, घर तिरकं होतं. मग एका बाजूचं भोक पूर्ण उघडतं आणि समोरचं झाकलं जातं. उघड्या भोकातून हवा जोरात सुटते, तिचा धक्का घराला उलट्या बाजूला बसतो, आणि तो धक्का ९० अंश हटून जायरोला सरळ उभा करतो. भोकं अशी मांडलेली असतात की हटून आलेली दिशा बरोबर हवी तीच निघते. पृथ्वीचा मिनिटाला पाव अंश, बेअरिंगच्या घर्षणाने येणारा थोडासा कल, रोटरच्या तोलातला बारीक फरक, हे सगळं या चार पट्ट्या येता-जाता पुसून टाकतात. माझ्या हातातून गेलेले बहुतेक होरायझन मिनिटाला चार अंशांच्या आगेमागे सरळ व्हायचे, काही आठनेसुद्धा.

अडचण एकच आहे. पट्टीला 'खाली' म्हणजे काय ते कसं कळतं? ती लोंबते, तेवढंच तिचं ज्ञान. एसटी घाटात वळण घेते तेव्हा आडव्या दांडीला अडकवलेली पिशवी बाहेर झुकते ना, तशी वळणात पट्टीही झुकते आणि तेच खरं 'खाली' मानून कामाला लागते. जेवून येतो आणि पुढचं लिहितो.

---

शुभांगी_वाई

काका, मध्येच विचारते, राग मानू नका. मी शाळेत विज्ञान शिकवते. सायकलचं चाक काढून मुलांच्या हातात देते, दोन्ही बाजूंनी आस धरायचा, दुसऱ्याने चाक जोरात फिरवायचं आणि मग आस वाकवून बघायचा. चाक आडवंच वळतं आणि मुलं किंचाळतात. पण ९० अंशच का, हे मला कधी मनासारखं सांगता आलं नाही. पुस्तकात सदिश गुणाकार देतात, सातवीच्या मुलांना तो काय सांगणार?

---

अपशिंगेकर

शुभांगीताई, राग कसला. चाक उभं, वरची कड तुमच्यापासून पुढे जातेय असं फिरतं धरा. आता चाकाच्या वरच्या भागाला उजवीकडे ढकलायचा प्रयत्न करा. त्या क्षणी वर असलेल्या रिमच्या तुकड्याला उजवीकडचा वेग मिळाला. पण तो तुकडा तिथे थांबलेला नाही, तो पुढे निघाला. उजवीकडे सरकत सरकत तो पाव फेरी पुढे, पुढच्या कडेला पोहोचतो, आणि सगळ्यात जास्त उजवीकडे गेलेला असतो तो तिथेच. खालच्या तुकड्याला डावीकडचा धक्का मिळालेला असतो, तो मागच्या कडेला जाऊन डावीकडे निघतो. म्हणजे चाकाची पुढची कड उजवीकडे, मागची डावीकडे. तुम्ही वर ढकललं आणि चाक हँडलसारखं वळलं. मुलांना रिमवर एका ठिकाणी लाल फीत चिकटवायला सांगा आणि त्या फितीचा प्रवास डोळ्यांनी बघायला लावा. गणिताआधी हे दिसलं पाहिजे.

भोवऱ्याचंही तसंच. जाळी ओढून सोडलेला भोवरा तिरका पडला तरी लगेच कोसळत नाही, डुलत गोल फिरतो. वजन त्याला खाली ओढतं आणि तो बाजूला जातो. वेग ओसरला की डुलणं मोठं होतं आणि मग लोळतो. व्हॅक्यूम पंप बंद पडल्यावर होरायझनही असाच हळूहळू जातो. एकदम मेला असता तर बरं, पण तो कित्येक मिनिटं फिरत राहतो आणि सावकाश कलत जातो. ढगात असलेला माणूस त्या कललेल्या रेघेच्या मागे आपलं विमान कलवत नेतो.

---

माळावरचा_पायलट (तासगाव)

आण्णा, माझा पण असाच प्रॉब्लेम हाय. मी थर्माकोलचं विमान बनवून माळावर उडवतो, गॉगलमध्ये कॅमेरा दिसतो आणि वर होरायझनची रेघ येते. लांबलचक गोल गोल घिरट्या घातल्या की रेघ तिरकी होते. पाच-सात घिरट्यांनंतर विमान सरळ असून रेघ दहा अंश वाकडी. कंट्रोलर बोर्ड बदलला तरी तेच. त्यात काय चाक फिरत न्हाय, एवढीशी चिप आहे. मग तिथं प्रिसेशन कुठनं आलं?

---

प्रसाद_विश्रामबाग

भाऊ, तुमच्या चिपमध्ये तुमच्या म्हणण्याप्रमाणे चाक नाहीच. एक बारीक सिलिकॉनचा भाग कंप पावतो आणि वळताना त्यावर पडणारं बळ मोजलं जातं. ते तापमानाने सरकतं. हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

---

अपशिंगेकर

प्रसादराव, थांबा. तासगावकरांचा प्रश्न याच धाग्याचा आहे. चिपमध्ये प्रिसेशन नाही, हे बरोबर. पण ती चिपसुद्धा सतत विचारत असते की खाली कुठे आहे, आणि उत्तर देतो ॲक्सेलरोमीटर. तोही लोंबत्या पट्टीसारखाच. घिरट्यांत त्याला तिरकी दिशाच 'खाली' वाटते आणि तो जायरोला तिकडे ओढतो. यंत्र वेगळं, फसवणूक तीच. तापमानाचा भागही असू शकतो. सरळ उडवत असताना रेघ सरकते का ते बघा, सरकली तर तापमानाकडे संशय घ्या.

आता मधुराचं वळण, आकडे घेऊन.

९० नॉट म्हणजे सेकंदाला ४६ मीटर. सेकंदाला ३ अंशांनी वळायचं तर बँक, म्हणजे पंखांचा कल, साधारण १४ अंश लागतो. त्या वळणात पट्ट्या खऱ्या उभ्या रेषेवर लोंबत नाहीत, १४ अंश तिरक्या लोंबतात. बाहेरच्या बाजूला. त्यांच्या लेखी जायरो वाकडा आहे, म्हणून त्या जायरोचा माथा वळणाच्या आतल्या बाजूला ढकलायला लागतात. मिनिटाला चार अंश या वेगाने.

इथे नीट लक्ष दे. विमान उत्तरेकडे तोंड करून डावीकडे वळायला लागलं तर 'आतली बाजू' सुरुवातीला पश्चिम. पाव वळणावर आतली बाजू दक्षिण. अर्ध्या वळणाच्या शेवटी पूर्व. म्हणजे पट्ट्यांनी आधी माथा पश्चिमेला ढकलला, मग दक्षिणेला, मग पूर्वेला. पश्चिम आणि पूर्व एकमेकांना खाऊन गेले, उरलं दक्षिणेचं. आणि अर्ध्या वळणानंतर तुझं नाक कुठे आहे? दक्षिणेलाच. म्हणजे जायरोचा माथा नाकाच्या दिशेने पुढे झुकलेला. जायरो पुढे झुकला की त्याच्या तुलनेत सरळ असलेलं विमान नाक वर केल्यासारखं दिसतं. तू पाहिलंस ते हेच.

किती? माथा एका वर्तुळावर फिरतो. मिनिटाला चार अंश ढकलणं आणि मिनिटाला अर्धी फेरी वळणं, यावरून त्या वर्तुळाची त्रिज्या निघते ४ भागिले ३.१४, म्हणजे १.२७ अंश. अर्ध्या वळणानंतर माथा वर्तुळाच्या समोरच्या टोकाला, म्हणजे व्यासाइतका लांब, अडीच अंश. तुझ्या लेखातला "दोन-तीन अंश" हाच. मिनिटाला आठ अंशाने सरळ होणारा होरायझन असता तर पाच अंश दिसले असते. पूर्ण फेरी घेतलीस की माथा वर्तुळ पुरं करून सुरुवातीला परत येतो, चूक शून्य. म्हणूनच मी ३६० चं विचारलं होतं. ९० अंशावर वळण सोडलं असतंस तर थोडं नाक वर आणि शिवाय उजवा पंख खाली, म्हणजे उलट दिशेला वळल्यासारखं दिसलं असतं.

अडीच अंशाने नाक दाबलंस तर ९० नॉटला साधारण मिनिटाला ४०० फूट उतरण. दीडशे फूट म्हणजे २०-२५ सेकंद. आणि मिनिटाला चार अंशाने अडीच अंश पुसायला चाळीसेक सेकंद. तू म्हणालीस मिनिटाच्या आत. सगळं जुळतंय.

---

प्रसाद_विश्रामबाग

हे वर्तुळाचं गणित मी कागदावर करून पाहिलं, बरोबर येतं. पृथ्वीबद्दल मी घाईने लिहिलं होतं, ते मागे घेतो. पण मग एक प्रश्न. पट्ट्या इतक्या सहज फसतात तर त्यांचा जोर कमी का ठेवत नाहीत? किंवा उलट, जायरो इतका जलद सरळ करायचा की वळण संपताच चूक पुसली जाईल?

---

अपशिंगेकर

जलद केलात तर वळणातच सगळं फसेल. समजा मिनिटाला ६० अंशाने सरळ होणारा होरायझन केला. पंधरा सेकंदांत तो १४ अंश कलेल आणि वळण चालू असतानाच विमान सरळ आहे असं दाखवेल. म्हणजे तो लोंबकळणारा ओळंबा झाला, जायरोचा उपयोग संपला. फार मंद केलात तर बेअरिंगचं घर्षण आणि पृथ्वी मिळून जिंकतील, आणि सुरू केल्यावर तो उभा राहायलाच अर्धा तास घेईल. जायरो थोडा वेळ लक्षात ठेवतो, पट्ट्या खूप वेळाची सरासरी सांगतात, आणि मधला वेग निवडावा लागतो. मोठ्या विमानांतल्या विजेच्या होरायझनमध्ये वळण जाणवलं की बाजूची दुरुस्ती काही वेळ बंदच करतात. आपल्या छोट्या व्हॅक्यूमच्या यंत्रात ती सोय नाही.

टेकऑफलाही हेच. वेग वाढताना पट्ट्या मागे झुकतात आणि होरायझन नाक आहे त्याहून वर दाखवतो. रात्री, पुढे दिवे नसलेल्या धावपट्टीवरून उडताना हे जिवावर बेतू शकतं, कारण कानाच्या आतला तोल सांगणारा भागही त्याच वेळी तेच खोटं सांगत असतो.

---

मधुरा_कराड

काका, कागदावर बाण काढून पाहिले आणि पहिल्यांदा हे खरंच समजलं. उद्या परत जातेय. टर्न कोऑर्डिनेटरचं राहिलं. आणि एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. या विमानात मी खुणेवर धरून ६० सेकंद वळले की दरवेळी १८० च्या पुढे जाते, १९५, २०० पर्यंत. सर म्हणतात माझे हात ढिले आहेत.

---

अपशिंगेकर

अरे वा, हे आधी सांगायचं होतंस. होरायझनपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

टर्न कोऑर्डिनेटरमध्ये, म्हणजे टीसीमध्ये, एकच गिंबल, म्हणजे रोटर धरणारी कलती चौकट, असतो, आणि जायरोला मोकळं सोडलेलं नसतं, स्प्रिंगला बांधलेलं असतं. विमान वळतं तसं जायरोच्या आसालाही जबरदस्तीने वळवलं जातं. वळवलं की तो ९० अंश हटून गिंबल कलवतो. स्प्रिंग त्याला मागे ओढते. जितक्या वेगाने वळशील तितकं जोरात ढकलणं, तितकी स्प्रिंग ताणली जाणार, तितकं छोटं विमान कलणार. वळणं थांबलं की ढकलणं थांबलं, स्प्रिंग त्याला शून्यावर आणते. त्याला काहीच लक्षात ठेवायचं नसतं. होरायझन आठवणीवर चालतो म्हणून त्याची आठवण बिघडू शकते. टीसी फक्त आत्ता चाललेला वेग सांगतो. म्हणून तो वळणानंतर सरकत नाही, आणि कितीही उलटापालट केली तरी लोळत नाही.

जुन्या टर्न इंडिकेटरचा गिंबल विमानाच्या लांबीच्या सरळ रेषेत असायचा, त्याला फक्त नाकाचं वळणं कळायचं. टीसीमध्ये तो साधारण ३० अंश वर उचललेला असतो, त्यामुळे पंख कलायला सुरुवात झाली की लगेच हलतो. म्हणून झटकन रोल केलंस तर तो आधी खुणेच्या पुढे उडी मारून मग मागे येतो. ते बिघाड नाही. पण त्या चित्रातल्या विमानाचे पंख बघून बँक किती आहे ते वाचायचं नाही. नाक वर आहे की खाली, हेही तो सांगत नाही, तसं डायलवरच लिहिलेलं असतं. आणि खालचा बॉल जायरो नाही, काचेच्या वाकड्या नळीतली साधी गोटी आहे.

आता तुझे २०० अंश. टीसीचं ढकलणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे, तू किती वेगाने वळतेस आणि रोटर किती वेगाने फिरतो. रोटर १० टक्के मंद झाला तर ढकलणं १० टक्के कमी. खुणेवर आणण्यासाठी तू नकळत जास्त वळतेस, सेकंदाला ३ भागिले ०.९, म्हणजे ३.३३ अंश. ६० सेकंदांत बरोबर २०० अंश. हात ढिले असतील तर एकदा २००, एकदा १७० यायला हवं. तुझं दरवेळी पुढेच जातंय.

पण निकाल आत्ताच देत नाही. शांत हवेत तीन वेळा डावीकडे आणि तीन वेळा उजवीकडे वळ, प्रत्येकी ६० सेकंद, कंपास नीट स्थिर होऊ देऊन वाच. दोन्हीकडे २०० च्या आसपास आले तर रोटर मंद आहे. डावीकडे २०० आणि उजवीकडे १६० आले तर शून्यच सरकलेलं आहे किंवा यंत्र पॅनलमध्ये तिरकं बसवलंय. रोटरचा वेग तपासायचा असेल तर लाल झेंडीवर विसंबू नकोस. बऱ्याच टीसींमध्ये ती फक्त वीज येतेय की नाही एवढंच सांगते, चाक पूर्ण वेगाने फिरतंय की नाही हे नाही.

---

शुभांगी_वाई

वाचताना एक शंका आली. टीसी विजेवर आणि होरायझन हवेवर, असं मुद्दाम वेगळं ठेवलंय का?

---

अपशिंगेकर

अगदी मुद्दाम. पंप गेला तर होरायझन आणि डीजी दोन्ही जातात, तेव्हा टीसी, अल्टिमीटर, वेगाचा काटा आणि घड्याळ यांच्यावर परत यायचं. वीज गेली तर टीसी जातो, होरायझन राहतो. म्हणून टीसी दहा टक्के खोटं बोलतो ही लहान गोष्ट नाही. ज्या दिवशी तो एकटा उरेल त्या दिवशी वळण संपवायचं कुठे ते तोच सांगणार.

---

माळावरचा_पायलट (तासगाव)

आण्णा, तुम्ही सांगितल्यापरमाणं आज सकाळी अर्धा तास सरळ पट्ट्यात उडवलं, फक्त टोकाला वळायचो. रेघ सरळच राहिली, दोन अंशांच्या आत. मग घिरट्या घातल्या, परत वाकडी. म्हणजे तापमान न्हाय. पण माझी चूक पूर्ण घिरटीनंतर शून्य का होत न्हाय? मधुराताईंची तर झाली.

---

अपशिंगेकर

फार चांगला प्रश्न. चिपमध्ये ओढ नेहमी एकसारख्या वेगाने नसते. ॲक्सेलरोमीटरचं माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की बरेच बोर्ड त्याच्यावर विश्वास ठेवणं थांबवतात, आत आलं की परत सुरू. वारा असला तर घिरटीच्या एका बाजूला ओढ बसते, दुसऱ्या बाजूला नाही, मग वर्तुळ बंद होत नाही. हा माझा अंदाज आहे. मी चाकं उघडलेला माणूस, तुमचा प्रोग्रॅम उघडलेला नाही. प्रसादराव, तुम्ही बघाल का?

---

प्रसाद_विश्रामबाग

बघतो. तासगाव लांब नाही. भाऊ, रविवारी लॉग घेऊन या, मी लॅपटॉप आणतो.

---

मधुरा_कराड

दहा दिवसांनी लिहितेय. वळणं घेतली. डावीकडे १९८, २०१, १९७. उजवीकडे २०३, १९९, २००. सरांना कागद दाखवला, त्यांनी स्वतः दोन वळणं घेतली आणि त्यांचीही १९८ आणि २०१ आली. मग ते काही बोलले नाहीत, पेन काढलं आणि विमानाच्या स्नॅग शीटवर, म्हणजे बिघाडांच्या नोंदीत, लिहिलं.

त्याच विमानात होरायझनही तपासला. सुरू केल्यावर तीन मिनिटांत उभा राहिला, टॅक्सी करताना वळणात कलला नाही, १८० नंतर परत तसंच अडीचेक अंश नाक वर, ३६० नंतर काही नाही. या वेळी नाक दाबलं नाही.

शेजारच्या विमानाचा होरायझन मात्र उभा राहायला सात-आठ मिनिटं घेतो आणि नेहमी जरा डावीकडे कललेला राहतो, वळलो नाही तरी. रूममेटचं बेअरिंग बहुधा त्या विमानाचं होतं.

---

अपशिंगेकर

शाब्बास. शेजारच्या विमानाचं लक्षण खरंच वेगळं आहे. पाच मिनिटांत उभा राहिला नाही आणि एकाच बाजूला कललेला राहिला, तर पट्ट्या ज्याच्याशी झगडतायत ते काहीतरी कायमचं आहे. आधी सक्शन गेज बघायला सांग, साडेचार ते साडेपाच इंच आहे का. मग फिल्टर. ते दोन्ही बरोबर असेल तर बेअरिंग. पूर्वी कॉकपिटमध्ये सिगारेट ओढायचे, आमच्याकडे आलेल्या रोटरवर तपकिरी चिकट थर असायचा, पट्टीसुद्धा तिच्या खिळीला चिकटलेली. आता धूळ असते. बाहेरून सांगता येणार नाही, उघडावं लागेल.

टीसीचं एक काम तू स्वतः करू शकतेस. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, इन्स्ट्रक्टर सोबत असताना, फक्त मास्टर स्विच लावायचा. हवेचे जायरो तेव्हा थांबलेले असतात, टीसी एकटा फिरतो. दोन-तीन मिनिटं फिरू दे, मग स्विच बंद कर आणि कान पॅनलला लाव. चांगला रोटर एकसारख्या बारीक शिट्टीसारखा उतरत जातो आणि बराच वेळ घेतो. दुसऱ्या विमानाचा वेळ घड्याळावर घे आणि तुलना कर.

---

मधुरा_कराड

केलं. शेजारच्या विमानाचा टीसी शिट्टी देत देत इतका सावकाश उतरला की आवाज नक्की कधी संपला ते कळलं नाही. आमचा त्याच्या निम्म्या वेळातच थांबला, आणि थांबायच्या आधी वाळूत चाक घासावं तसा करकरला. इंजिनिअर दादांनीही कान लावला. पॅनलमधून काढलाय, बेंचवर पाठवतायत. मोटरला पुरेसा व्होल्ट मिळत होता का, हे त्यांनी आधी तारेवर मोजून घेतलं, तो बरोबर निघाला. बेंचवरून काय येतं ते आलं की इथेच लिहीन.